परवानगी एकाची, गुपित दुसऱ्याचे

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एकांत फार थोडा मिळतो. टेबलाभोवती विद्यार्थी उभे, मागे रांग, पडद्यापलीकडे दुसऱ्या रुग्णाची तपासणी चाललेली. तरीही सांगायची गोष्ट नाजूक असली की रुग्ण खुर्ची पुढे ओढतो, आवाज खाली आणतो. त्या दोन फुटांच्या अंतरात बोललेले तिथेच राहील, या भरवशावर वैद्यकीचा व्यवसाय उभा आहे.

गेल्या काही वर्षांत या बोलण्याचा बराच भाग संगणकाच्या पडद्यावर गेला. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर रिपोर्ट व्हॉट्सॲपवर वरिष्ठांना दाखवतो. वॉर्डातल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडे असते. घरी गेलेला रुग्ण जे डॉक्टरांना विचारायला संकोचला, ते रात्री चॅटजीपीटीला विचारतो. आणि हे सारे संवाद हरवू नयेत म्हणून अनेक जण ब्राउझरमध्ये एक छोटेसे मोफत साधन बसवतात. ते प्रत्येक चॅट आपोआप जपून ठेवते, त्याची पीडीएफ करते, नंतर शोधून देते. अशा साधनाला एक्स्टेन्शन म्हणतात. सोय खरी आहे. पण जपून ठेवण्यासाठी आधी वाचावे लागते, आणि वाचणारा कोण, हे बसवणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसते.

कुलूप उघडल्यानंतरचा वाचक

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरच्या आत राहणारा छोटा प्रोग्रॅम. तो आपण उघडलेल्या वेब पानाच्या आत स्वतःचा कोड चालवू शकतो. जाहिराती अडवणे, स्पेलिंग तपासणे, चॅट जपणे ही कामे अशीच होतात. बसवताना क्रोम एक ओळ दाखवते: Read and change all your data on all websites. म्हणजे, सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सर्व मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी. ही ओळ आपण जितक्या झटपट पुढे सारतो, तितक्या झटपट शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठासुद्धा उमटत नाही.

इथे एक गैरसमज हटकून भेटतो. "व्हॉट्सॲपचे संदेश तर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, मग भीती कसली?" संदेश वाटेत असताना तो कुलूपबंद असतो हे खरे. मधल्या कोणाला, अगदी व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीलाही, त्याचा मजकूर वाचता येत नाही. पण आपल्याला वाचता यावा म्हणून आपल्या उपकरणावर तो उघडावाच लागतो. व्हॉट्सॲप वेबमध्ये तो ब्राउझरच्या पानावर उघडतो आणि एक्स्टेन्शन नेमके त्याच पानात बसलेले असते. टपालाची पिशवी कितीही मजबूत शिवली, तरी पत्र फोडून टेबलावर पसरल्यावर मागे उभा असलेला माणूस ते वाचू शकतोच. कुलूप तोडावे लागत नाही, कारण वाचणारा कुलपाच्या आतल्या बाजूला उभा असतो.

त्याला वाचायला चॅट उघडलेच पाहिजे असेही नाही. व्हॉट्सॲप वेबच्या डाव्या बाजूला सगळ्या संभाषणांची यादी असते, नावे आणि शेवटच्या संदेशाचा तुकडा. तेवढेही पानाचाच भाग आहे.

या शक्तीला मर्यादाही आहेत, आणि त्या माहीत असणे उपयोगाचे आहे. संगणकातल्या ब्राउझरचे एक्स्टेन्शन फोनमधल्या व्हॉट्सॲप ॲपला हात लावू शकत नाही. फोनवरच्या क्रोममध्ये अशी एक्स्टेन्शन्स सहसा चालतच नाहीत. एका ब्राउझरमधले एक्स्टेन्शन दुसऱ्या ब्राउझरमध्ये डोकावत नाही. क्रोमच्या Guest खिडकीत ते चालत नाही, आणि Incognito खिडकीत आपण मुद्दाम मुभा दिल्याशिवाय चालत नाही. पुढे सुचवलेले उपाय याच मर्यादांवर आधारलेले आहेत.

एका वापरलेल्या एक्स्टेन्शनची गोष्ट

हे सारे 'होऊ शकते' या सदरातले नाही. डिसेंबर २०२५मध्ये कोई सिक्युरिटी या सायबर सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी 'अर्बन व्हीपीएन प्रॉक्सी' या मोफत एक्स्टेन्शनचा कोड तपासून निष्कर्ष जाहीर केले. क्रोमच्या दुकानात त्याचे वापरकर्ते ६० लाखांच्या घरात होते. गूगलने त्याला Featured हा बिल्ला दिलेला होता. सामान्य माणूस हा बिल्ला 'तपासून घेतलेले' असाच वाचतो.

संशोधकांना आढळले ते असे. ९ जुलै २०२५ रोजी या एक्स्टेन्शनची ५.५.० ही आवृत्ती आली. त्या दिवसापासून वापरकर्ता चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड, कोपायलट अशा संवादसेवांचे पान उघडी, तेव्हा एक्स्टेन्शन त्या पानात आपला कोड घाली. ब्राउझर आणि दूरचा सर्व्हर यांच्यात मजकुराची ने-आण करणारी जी मूळ यंत्रणा असते, ती हा कोड आपल्या ताब्यात घेई. वॉर्डातून प्रयोगशाळेकडे जाणारी प्रत्येक नळी आणि तिथून येणारा प्रत्येक रिपोर्ट आधी एका त्रयस्थाच्या टेबलावरून जावा, तसे. विचारलेला प्रश्न, आलेले उत्तर, वेळ, संभाषणाचा क्रमांक असे सगळे उचलून कंपनीच्या सर्व्हरकडे रवाना होई.

यातल्या तीन गोष्टी वैद्यकीय वाचकाने विशेष ध्यानात घ्याव्यात.

पहिली, व्हीपीएन बंद ठेवले तरी ही उचल चालू राही. ती थांबवण्याचा वापरकर्त्याच्या हातात एकच मार्ग होता, एक्स्टेन्शन काढून टाकणे. औषध थांबवले तरी दुष्परिणाम चालूच राहावा, असा हा प्रकार.

दुसरी, गोपनीयता धोरणाच्या लांबलचक मजकुरात ही गोष्ट लिहिलेली होती. एआयला विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे गोळा केली जातात आणि विपणन-विश्लेषणासाठी पुढे दिली जातात, असा त्याचा अर्थ होता. लोकांचा विदा गोळा करून विकण्याचा धंदा असलेली एक संलग्न कंपनी त्या साखळीत होती. म्हणजे ही चोरी अंधारात झाली नाही. कोणी वाचत नाही अशा कागदावर सही घेऊन ती झाली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यांनी हे एक्स्टेन्शन जुलैच्या आधी बसवले होते, त्यांनी एका वेगळ्याच वस्तूला परवानगी दिली होती. एक्स्टेन्शन्स आपोआप अद्ययावत होतात. नव्या आवृत्तीला आधीपेक्षा जास्त अधिकार हवे असतील तर क्रोम ती रोखून पुन्हा विचारते. पण 'सर्व संकेतस्थळे वाचण्याची' परवानगी पहिल्याच दिवशी मिळालेली असेल, तर आणखी मागायचे काही उरतच नाही. बाटली तीच, लेबल तेच, आतले औषध बदललेले, आणि रुग्णाला कळवलेले नाही.

असे बदल मालकाच्या इच्छेनेच होतात असेही नाही. डिसेंबर २०२४मध्ये सायबरहेवन या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला क्रोमच्या दुकानाकडून आल्याचे भासवणारी ईमेल आली. तो फसला, आणि हल्लेखोरांनी नाताळच्या सुमारास कंपनीच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती दुकानात चढवली. कंपनीने ती लवकर काढली, पण तोवर ती आपोआप लोकांच्या ब्राउझरमध्ये पोहोचू लागली होती. सायबरहेवनचा व्यवसाय विदा-सुरक्षेचाच आहे. तेव्हा "मी चांगल्या कंपनीचे घेतले आहे" हे उत्तर आजच्यापुरते खरे असू शकते. उद्याची हमी त्यात नाही.

वॉर्डातले एक उदाहरण

आता हीच गोष्ट रुग्णालयात आणून पाहू. खालील प्रसंग कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी आपल्याकडे रोज घडण्याजोगी आहे.

समजा, एका इंटर्नने परीक्षेच्या तयारीसाठी घरच्या लॅपटॉपवर एक चॅट जपणारे एक्स्टेन्शन बसवले. अनेक ठिकाणच्या गप्पा एकाच जागी साठवते, अशी त्याची जाहिरात होती आणि त्याला सर्व संकेतस्थळांची परवानगी मिळाली होती. महिन्याभराने तिने लॉगबुकची प्रत काढण्यासाठी वॉर्डातल्या संगणकावर क्रोममध्ये आपले खाते उघडले आणि विचारल्यावर 'सिंक' चालू केले. सिंकमध्ये बुकमार्क येतात, पासवर्ड येतात, तशी एक्स्टेन्शन्सही येतात. प्रत काढून ती निघून गेली. खाते तसेच राहिले. वॉर्डात कोणीही काही बसवले नाही, तरी ते एक्स्टेन्शन तिथे हजर झाले.

त्याच ब्राउझरमध्ये प्रसूती विभागाचा व्हॉट्सॲप गट उघडा आहे. रात्री निवासी डॉक्टर लिहितो: वय २३, पाचवा महिना, अमुक गावची, एचआयव्ही चाचणी रिॲक्टिव्ह, पुढची चाचणी सकाळी, घरी अजून सांगितलेले नाही. त्याने नाव टाळले आहे, आणि त्यामुळे गोपनीयता पाळली असे त्याला मनापासून वाटते.

प्रत्येक चॅट जपणारे एक्स्टेन्शन हा मजकूर उचलेलच असे नाही. अनेक साधने ठरलेल्या एक-दोन संकेतस्थळांवरच चालतात आणि जपलेले सारे त्याच संगणकात ठेवतात. पण परवानगी सर्व पानांची आहे, म्हणून उचलायचे ठरवले तर त्याला अडवणारे काही नाही. उचलले तर वॉर्डात कोणाला कळणारही नाही. घंटी वाजत नाही, पडदा हलत नाही.

आणि नाव टाळल्याने काय साधले? अमेरिकेत १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांची रुग्णालयीन माहिती नावे काढून संशोधनासाठी दिली होती. लतान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहा जण त्या शहरात होते, त्यांपैकी तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या शिदोरीवर गव्हर्नरांचा आजार त्यांच्या नावाशी जोडला गेला. ते एका शहराचे गणित होते. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात पाचव्या महिन्यात असलेल्या, २३ वर्षांच्या, जिल्हा रुग्णालयात जाऊन आलेल्या स्त्रिया किती असतील? बहुधा एक. तिला ओळखायला यादीसुद्धा लागत नाही.

त्या स्त्रीसाठी या माहितीची किंमत ठरलेली आहे. घर तुटू शकते, बाळंतपण माहेरी की सासरी हा वाद पेटू शकतो, आणि याच भीतीने ती औषध घ्यायला परत न येण्याचा धोका आहे. मातेने उपचार नियमित घेतले तर बाळाला होणारा संसर्ग बव्हंशी टाळता येतो. ती परत आली नाही, तर आमच्या हातातली ही सोपी लढाई आम्ही पडद्यावरच्या एका ओळीमुळे हरतो.

आता परवानगीचा हिशेब मांडू. एक्स्टेन्शनला होकार इंटर्नने दिला. संदेश निवासी डॉक्टरने लिहिला. संगणक रुग्णालयाचा. आणि गुपित त्या स्त्रीचे, जिला यांपैकी कशाचीच कल्पना नाही. सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. स्वतःचे लेखन वाचू देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण संभाषण दोघांचे असते आणि बटण एकटाच दाबतो.

कायदा काय म्हणतो

डॉक्टरांसाठी हा निव्वळ शिष्टाचाराचा भाग नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांनुसार व्यवसायात कळलेली रुग्णाची गुपिते, न्यायालयाचा आदेश किंवा समाजाला गंभीर धोका यांसारखे अपवाद सोडता, उघड करता येत नाहीत. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ याहून कडक आहे. व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची एचआयव्ही स्थिती उघड करण्यास तो, ठरावीक अपवाद वगळता, मनाई करतो आणि ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी संस्थेवर टाकतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मनोरुग्णांना गोपनीयतेचा हक्क देतो.

यांच्या जोडीला डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील अशी मांडणी आहे. विदा सांभाळण्याची पुरेशी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. घरगुती कामासाठी केलेला वापर या कायद्याबाहेर राहतो. वॉर्डातला संदेश घरगुती नसतो.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या संगणकावर रुग्णांविषयी बोलले जाते, त्यावर चॅट आपोआप जपणारे एकही एक्स्टेन्शन असता कामा नये. आणि याची जबाबदारी एखाद्या इंटर्नच्या सावधपणावर सोडणे चूक आहे. निर्जंतुकीकरणाची जबाबदारी आपण प्रत्येकाच्या सवयीवर सोडत नाही. ऑटोक्लेव्ह असतो, नोंदवही असते, तपासणारी सिस्टर असते. इथेही तशीच व्यवस्था हवी.

ती महागडी नाही. क्रोममध्ये संस्थेसाठी ExtensionInstallBlocklist नावाची धोरण-सोय आहे. तिथे * हे एक चिन्ह घातले की सर्व एक्स्टेन्शन्स बंद होतात, आणि खरोखर लागणारी एक-दोन ExtensionInstallAllowlist मध्ये नावनिशीवार घालता येतात. BrowserSignin हे धोरण 0 ठेवले की कोणी आपले खाजगी खाते ब्राउझरला जोडू शकत नाही, म्हणजे सिंकची वाटच बंद. यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. रुग्णालयाच्या संगणक विभागाचे काही तासांचे काम आहे. ते झाले की नाही हे अधीक्षकांना स्वतः पाहता येते: पत्त्याच्या जागी chrome://policy लिहायचे आणि ही तीन नावे दिसतात का बघायचे. मात्र प्रत्येक ब्राउझरची धोरणे वेगळी असतात. क्रोमला कुलूप लावून शेजारचा फायरफॉक्स उघडा ठेवला, तर उपयोग शून्य.

"पण नोंद तर ठेवायला हवी"

यावर तरुण डॉक्टरांचा आक्षेप रास्त आहे. मध्यरात्री वरिष्ठांनी फोनवर किंवा चॅटवर सांगितलेला सल्ला उद्या नाकारला गेला तर? पुरावा म्हणून चॅट जपायला नको का?

नोंद हवीच. पण तिची जागा केसपेपर ही आहे. सल्ला कोणी दिला, किती वाजता, काय सांगितले आणि त्यानुसार काय केले, या चार गोष्टी तिथेच सहीनिशी लिहाव्यात. २००२च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास द्याव्या लागतात. केसपेपर रेकॉर्ड विभागात राहतो, त्याची जबाबदारी ठरलेली असते. कोणा परक्या कंपनीच्या सर्व्हरवर पडलेले चॅट ना रुग्णाला मागता येते, ना आपल्याला परत आणता येते. चॅटचीच प्रत लागली, तर फोनमधल्या व्हॉट्सॲपमध्ये संभाषण बाहेर काढण्याची सोय मुळातच आहे. पण ती प्रतही नंतर सांभाळावी लागते, हे विसरू नये.

वॉर्डात व्हॉट्सॲप वेब वापरणे भागच असेल, तर ते क्रोमच्या Guest खिडकीत उघडावे. तिथे एक्स्टेन्शन चालत नाही आणि खिडकी बंद केली की लॉगिनही पुसले जाते. दर पाळीला पुन्हा कोड स्कॅन करण्याचा त्रास होतो, पण पाळी बदलल्यावर मागच्याचे चॅट पुढच्यासमोर उघडे राहण्याचा जुना आजारही त्याच औषधाने बरा होतो.

घरातल्या संगणकासाठी

ज्यांचा रुग्णालयाशी संबंध नाही, त्यांनाही हे लागू आहे. आजाराबद्दल, कर्जाबद्दल, घरातल्या भांडणाबद्दल माणसे संवादसेवांना जे विचारतात, ते अनेकदा जवळच्यांनाही सांगितलेले नसते. ते विचारताना आपण एका कंपनीवर विश्वास टाकलेलाच असतो. जपणारे एक्स्टेन्शन त्यात आणखी एकाची भर घालते, तीही बहुधा गरज नसताना. चॅटजीपीटीसारख्या सेवांत जुनी संभाषणे खात्यातच राहतात आणि Settings मधल्या Data controls मध्ये Export data ही सोय असते. एखादेच उत्तर हवे असेल तर ब्राउझरच्या छपाईच्या आज्ञेतून पीडीएफ करता येते. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडे काय बसले आहे हे पाहायला पाच मिनिटे लागतात. संगणकावरच्या क्रोममध्ये पत्त्याच्या जागी chrome://extensions लिहा. एजमध्ये edge://extensions आणि फायरफॉक्समध्ये about:addons. समोर यादी येईल. ज्याचे नाव ओळखीचे नाही किंवा जे कित्येक महिन्यांत वापरलेले नाही, ते काढून टाका. नुसते बंद करून ठेवू नका. जे ठेवायचे आहे त्याचे Details उघडा आणि Site access पाहा. तिथे On all sites असेल तर On click करा. मग तुम्ही त्या चिन्हावर टिचकी मारल्याशिवाय ते पान वाचणार नाही. आपोआप जपण्याची सोय त्यामुळे जाईल. ती जावी हाच हेतू आहे.

जपलेले चॅट कुठे जाते, हे ओळखण्याची एक सोपी खूणही आहे. एक्स्टेन्शनने खाते उघडायला लावले असेल, आणि त्याच खात्याने दुसऱ्या संगणकावर गेल्यावर तेच चॅट दिसत असतील, तर ते तुमच्या संगणकाबाहेर, त्यांच्या सर्व्हरवर आहेत. यात शंका नाही. मात्र अशी खूण नसणे म्हणजे निर्धास्तपणा नव्हे. अर्बन व्हीपीएनच्या वापरकर्त्यांना आपले चॅट कुठे दिसत नव्हते, तरी ते जात होते. चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाहीच असे नाही, हे आम्ही रुग्णांना रोज सांगतो. इथेही तोच नियम.

शंकास्पद एक्स्टेन्शन सापडलेच तर क्रम असा ठेवा. त्याचे नाव लिहून घ्या आणि काढून टाका. फोनमधल्या व्हॉट्सॲपमध्ये Linked devices उघडून जोडलेले सर्व संगणक बाहेर काढा. मग ईमेल आणि बँक यांच्या खात्यांतून सर्व उपकरणांवर लॉग आउट करून पासवर्ड बदला, कारण पान वाचणाऱ्याला लॉगिनही वाचता आले असेल. संगणक रुग्णालयाचा असेल तर वरिष्ठांना त्याच दिवशी कळवा. अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचे निर्देश २०२२पासून आहेत. आधी गेलेला मजकूर या कशानेही परत येत नाही. पुढचा थांबतो, एवढेच.

आणि एक गोष्ट रुग्णांनी करावी. डॉक्टरांनी "रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा" म्हटले, तर तो कुठल्या फोनवर जातो, कोणत्या गटात फिरतो आणि वॉर्डातल्या संगणकावर उघडतो का, हे विचारावे. प्रश्न उद्धट नाही. सुई नवी आहे ना, असे पूर्वी कोणी विचारले की आम्हाला राग येत असे. आता पाकीट रुग्णासमोर फोडण्याची पद्धत पडली आहे, ती लोकांनी विचारत राहिल्यामुळेही.